कॉइल, उदबत्ती आणि फटाके : धुरात नेमकं असतं काय आणि छाती का भरते?

पारगाव (ता. आंबेगाव) : दिवाळी जवळ आली की आपल्या भागात तिन्ही धूर एकत्र येतात. ऊस उंच झालेला असतो, पाटाला पाणी असतं, त्यामुळे मच्छर वाढतात आणि घरोघरी रात्री कॉइल लागते. सणाची पूजा म्हणून उदबत्ती, धूप, ऊद. आणि दारात फटाके. जुन्नर-आंबेगावात तर फटाका फक्त दिवाळीचा राहिलेला नाही. वरात, यात्रा आहेच, पण बिबट्याच्या धाकाने उसाच्या कडेलाही फटाके वाजतात. याच दिवसांत थंडी सुरू होते, आणि लहान पोरांचा खोकला, म्हाताऱ्या माणसांची धाप वाढते. "हवा बदलली" म्हणून आपण ते सोडून देतो. हवा बदलते हे खरंच आहे, पण त्या हवेत आपण काय सोडतोय तेही बघायला पाहिजे.

या तिन्ही धुरांची एकच गोष्ट नीट समजली तरी पुरे. धूर किती त्रास देईल हे त्याच्या वासावर किंवा आवाजावर ठरत नाही. तो किती निघाला, किती जागेत कोंडला आणि तुम्ही त्यात किती वेळ होता, यावर ठरतं. म्हणून दारात मोठ्याने वाजणाऱ्या सुतळी बॉम्बपेक्षा बंद खोलीत रात्रभर गुपचूप जळणारी कॉइल काही घरांत जास्त त्रासाची ठरू शकते.

धूर म्हणजे नेमकं काय?

धुरात दोन गोष्टी असतात. एक बारीक कण आणि दुसरे वायू. कण किती बारीक? हवा मोजणारे लोक अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांना 'पीएम अडीच' म्हणतात. आपला डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे असे वीस-पंचवीस कण एका रांगेत ठेवले तर कुठे एका केसाची जाडी होते.

मळणीच्या वेळी उडणारी धूळ जाड असते. ती नाकातल्या केसांत आणि शेंबडात अडकते, शिंक येते, काळा शेंबूड येतो आणि बरीचशी बाहेर पडते. धुराचा कण तिथे अडकत नाही. तो घशातून, श्वासनळीतून थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातो. म्हणून धुळीने नाक भरतं आणि धुराने छाती भरते.

कॉइलमध्ये औषध किती आणि भुसा किती?

कॉइल म्हणजे मच्छराचं औषध, असं आपण समजतो. पण त्या हिरव्या चक्रीत औषध फार थोडं असतं, साधारण एक टक्क्याहूनही कमी. हे औषध पायरेथ्रॉइड गटातलं असतं. आपण पिकावर सायपरमेथ्रिन मारतो ना, त्याच कुळातलं, फक्त घरात वापरायला लवकर उडणारं. बाकीचं सगळं काय? लाकडाचा भुसा, नारळाच्या करवंटीची पूड, ते चिकटवायला स्टार्च किंवा डिंक आणि वरून रंग.

कॉइल ज्वाला करून जळत नाही, धुमसते. धुमसण्याचं काम एवढंच की गरमीने औषध हळूहळू हवेत उडावं आणि ते सात-आठ तास पुरावं. पण धुमसणारी आग अर्धवट जळते. चुलीत ओलं लाकूड घातलं की जसा जाळ कमी आणि धूर जास्त, तसंच. म्हणजे मच्छर जातो त्या थोड्या औषधाने, आणि आपल्या छातीत जातो तो बहुतेक भुशाचा धूर. त्यात बारीक कण तर असतातच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि फॉर्माल्डिहाइडसारखे डोळे-घसा झोंबवणारे वायू असतात.

"एक कॉइल म्हणजे शंभर सिगारेट" हे वाक्य तुम्ही मोबाइलवर वाचलं असेल. ते कुठून आलं? २००३ साली अमेरिका आणि मलेशियातल्या संशोधकांनी काही कॉइल जाळून कण मोजले. एक अख्खी कॉइल जळल्यावर निघणाऱ्या बारीक कणांचं वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतकं भरलं, आणि फॉर्माल्डिहाइड सुमारे ५१ सिगारेटींइतकं निघू शकतं असं दिसलं. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या डॉक्टरांनीही शंभर सिगारेटींची ही तुलना आपल्याकडे वारंवार सांगितली आहे.

याचा हिशोब आपल्या घरात लावून बघू. समजा खोली दहा बाय बारा फुटांची आहे, छत दहा फूट. थंडीमुळे खिडकी लावलेली, दाराखाली गोणपाट टाकलेलं. रात्री नऊला कॉइल लावली आणि ती पहाटे पाचला संपली, म्हणजे आठ तास. ७५ सिगारेटी धरल्या तर तासाला नऊ होतात, १३७ धरल्या तर सतरा. म्हणजे त्या खोलीच्या कोपऱ्यात कुणीतरी बसून दर साडेतीन ते साडेसहा मिनिटांना एक सिगारेट जाळून संपवतोय, रात्रभर. त्या खोलीत तुमचं दोन वर्षांचं नातवंड झोपलंय.

आता या आकड्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. झोपलेला माणूस ७५ सिगारेटी ओढत नाही. ओढणाऱ्याच्या छातीत धूर सरळ जातो, इथे तो खोलीभर पसरतो आणि आपल्या वाट्याला त्यातला काही भाग येतो. कॉइल कोणत्या भुशाची आहे त्यावरही धूर कमी-जास्त होतो. म्हणून "एक कॉइल लावली म्हणजे शंभर सिगारेटींचा कॅन्सर" असं कुणी म्हणालं तर ते चूक. ही तुलना धुराच्या वजनाची आहे, आजाराची नाही. पण रोज, महिनोन् महिने, दार लावून तो धूर घ्यायची गरज आहे का, हा प्रश्न उरतोच.

पंख्याचंही तसंच. पंखा धूर बाहेर काढत नाही, खोलीतच फिरवतो. धूर बाहेर जायला समोरासमोर दोन उघड्या जागा लागतात, एकीकडून हवा आत यायला आणि दुसरीकडून बाहेर जायला.

आणखी एक सावधगिरी. बाजारात मच्छर मारायची उदबत्ती मिळते, काही पुड्यांवर ना धड नाव असतं ना पत्ता. कीटकनाशक शेतातलं असो की घरातलं, त्याची केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे नोंदणी लागते. औषधाच्या बाटलीवर आपण नोंदणी क्रमांक बघतो, तसाच कॉइलच्या खोक्यावर आणि अशा उदबत्तीच्या पुड्यावर 'सीआयआर' क्रमांक बघा. तो नसेल तर आत कोणतं औषध किती घातलंय ते कुणालाच कळायचा मार्ग नाही.

उदबत्ती : थोडीच असते, पण धूर दाट

उदबत्तीत बांबूची काडी, कोळशाची आणि लाकडाची पूड, चिकटवायला जिगट आणि वरून सुगंधी तेल असतं. धूपकांडीत काडी नसते, मसाला जाड असतो, म्हणून धूर जास्त येतो. उदबत्तीत कीटकनाशक नाही, पण धुमसणं तेच.

वजनाला वजन धरलं तर उदबत्ती सिगारेटीपेक्षा जास्त धुरकट आहे. प्रयोगशाळेत एक ग्रॅम उदबत्ती जळाल्यावर सरासरी सुमारे ४५ मिलिग्रॅम कण निघाले, सिगारेटीचे सुमारे १०. म्हणजे साडेचार पट. पण उदबत्ती अर्ध्या-पाऊण तासात संपते, तर कॉइल रात्रभर जळते. म्हणून दिवसाला एक उदबत्ती उघड्या देवघरात लागत असेल, तर बहुतेक निरोगी माणसांना फारसं काही होत नाही. अडचण कधी होते? देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असतं, खिडकी नसते, सकाळ-संध्याकाळ चार-चार उदबत्त्या लागतात, वर ऊद टाकला जातो, आणि घरात एक दमेकरी असतो.

"आमचा धूप शेणाचा आहे, नैसर्गिक आहे, त्याचं काही होत नाही," असं बरेच जण म्हणतात. पण शेण, लिंबाचा पाला, ऊद, गुग्गुळ, काहीही धुमसलं की बारीक कण निघतातच. चुलीचा धूरही नैसर्गिकच होता, आणि त्याने आपल्या आया-आज्यांच्या छातीचं काय केलं ते आपण बघितलंय. गोठ्यात मच्छर-गोमाश्यांसाठी करतो त्या धुरालाही हेच लागू. गोठा उघडा असेल तर ठीक, पण घराला लागून असेल तर तो धूर घरातच येतो.

फटाका : थोडा वेळ, पण एकदम जोरात

फटाक्याची मूळ दारू जुनीच आहे. साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. रंगासाठी धातूंचे क्षार घालतात. हिरव्याला बेरियम, लालला स्ट्रॉन्शियम, निळ्याला तांबं, आणि पांढऱ्या लखलखाटाला ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम. जळताना हे धातू बारीक कण होऊन हवेत येतात.

कॉइल-उदबत्तीपेक्षा फटाक्याचा धूर वेगळा पडतो तो गंधकामुळे. गंधक जळलं की सल्फर डायऑक्साइड वायू होतो. पोळ्यावर फटाका फुटल्यासारखा नाकात झणझणतो तो हाच. श्वासनळीचं अस्तर ओलं असतं. त्या ओलाव्यात हा वायू विरघळला की आम्लासारखा झोंबतो आणि दमेकऱ्याची नळी काही मिनिटांत आवळते.

कोणत्या फटाक्यातून किती धूर निघतो हे आपल्या पुण्यातच मोजलं गेलंय. २०१६ साली चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सहा प्रकारचे फटाके जाळून, फटाका उडवणारी मुलं जिथे उभी राहतात तेवढ्या अंतरावर बारीक कण मोजले. निकाल बघून बरेच जण चक्रावले. पहिला नंबर आवाजाच्या फटाक्याचा नव्हता, तर सापाच्या गोळीचा. आपण लहान पोरांच्या हातात बिनधास्त देतो ती काळी गोळी. ती जेमतेम नऊ सेकंद जळते, पण हवेत दर घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅम कण भरले. हजाराच्या माळेचे ३८,५४०, पुलपुलचे २८,९५०, फुलबाजीचे १०,३९०, भुईचक्राचे ९,४९० आणि पावसाचे, म्हणजे भुईनळ्याचे, ४,८६०. दिवसभराच्या सरासरीसाठी आपल्या देशात ठरवलेली मर्यादा ६० आहे. एका क्षणाचा आकडा आणि दिवसाची सरासरी सरळ लावता येत नाही, पण अंदाज यायला एवढं पुरे.

सापाची गोळी का जास्त? कारण ती उडत नाही, फुटत नाही. जमिनीवर धुमसते आणि सगळा धूर तिथेच सोडते. शिवाय साप कसा वाढतो ते बघायला पोरं तिच्यावर वाकून बसतात. लहान मूल जमिनीच्या जवळ असतं, श्वास भरभर घेतं, आणि त्याची नळी मुळातच अरुंद असते. आवाज नाही, जाळ नाही म्हणून आपण तिला 'पोरांचा फटाका' म्हणतो, आणि धूर सगळ्यात जास्त तिचाच.

सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशात दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली, माळांवर आणि बेरियमच्या फटाक्यांवर बंदी घातली. हरित फटाके म्हणतात ते नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तयार केलेल्या सूत्राचे. त्यात कण साधारण तीस टक्के कमी होतात. म्हणजे सत्तर टक्के राहतातच. हरित म्हणजे बिनधुराचा, असं समजून कुणी दमेकऱ्याला जवळ उभं करू नये.

थंडीचा भागही यात आहे. उन्हाळ्यात तापलेली हवा वर जाते आणि धूर घेऊन जाते. थंडीत संध्याकाळनंतर जमिनीजवळची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. घोड नदीच्या काठाला सकाळी धुकं जसं खाली बसलेलं दिसतं, तसाच रात्रीचा धूर खाली बसतो. म्हणून दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला फटाके न उडवताही खोकला लागतो.

छातीत होतं काय?

श्वासनळीच्या आतल्या बाजूला अगदी बारीक केसांसारखं अस्तर असतं. ते सतत हलत राहतं आणि धूळ-बेडका वर घशाकडे ढकलतं. धूर आला की हे अस्तर मंदावतं. नळी स्वतःला वाचवायला जास्त चिकट बेडका करते, पण तो वर ढकलणारा मंदावलेला असतो, म्हणून बेडका साचतो. त्याच वेळी नळीतल्या नसा चाळवतात आणि खोकला सुटतो. नळीभोवती स्नायूंचं वेटोळं असतं, ते आवळतं. आतून अस्तर सुजतं. ठिबकच्या नळीत गाळ बसला, वरून ती कुणी चिमटीत धरली, तर पाणी जसं थेंबथेंब येतं, तशी हवा जाते. तेव्हा छातीतून सूं-सूं आवाज येतो.

निरोगी माणसाचं हे काही तासांत निवळतं. दमेकऱ्याची नळी आधीच चिडकी असते, तिला थोडा धूरही पुरतो. ज्यांना वर्षानुवर्षे चुलीचा किंवा विडीचा धूर लागलाय, त्यांची नळी कायमची अरुंद झालेली असते, डॉक्टर त्याला 'सीओपीडी' म्हणतात. त्यांना नवा धूर झेपत नाही.

धुराचाच त्रास आहे हे ओळखायचं कसं?

सर्दीच्या खोकल्यात बहुतेक वेळा ताप, अंगदुखी येते आणि आठ-पंधरा दिवसांत उतार पडतो. धुराचा खोकला वेळ पाळतो. कॉइल लावल्यावर तास-दोन तासांत किंवा पहाटे येतो, शेतात मोकळ्या हवेत गेल्यावर कमी होतो, पाहुण्यांकडे मुक्कामाला गेल्यावर थांबतो आणि घरी आल्यावर परत येतो. असं वाटलं तर पंधरा दिवस घरातली कॉइल आणि धूप पूर्ण बंद ठेवा, मच्छरदाणी लावा, आणि रोज रात्री किती वेळा खोकून उठावं लागलं ते कॅलेंडरवर लिहा. फरक पडला तर कारण सापडलं. नाही पडला तर डॉक्टरकडे जाच, कारण दोन आठवड्यांवर चाललेला खोकला क्षयाचाही असू शकतो. बेडक्याची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

थांबायचं नाही अशी लक्षणं वेगळी आहेत. माणसाला एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर पडतात, पंप मारूनही धाप बसत नाही. लहान बाळाच्या बरगड्यांखाली श्वास घेताना खड्डा पडतो. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, तर तो वेगाचा श्वास आहे. आशाताईंनाही हे मोजता येतं. अशा वेळी वाफ, काढा करत बसू नका, १०८ ला फोन करा.

मग मच्छराचं काय करायचं?

कॉइल बंद करून डेंगी-मलेरिया ओढवून घ्या, असं कुणी म्हणत नाही. पण डेंगीचा मच्छर मुख्यतः दिवसा चावतो, रात्रीची कॉइल त्याला अडवत नाही. त्याला अडवतो आठवड्यातला कोरडा दिवस. पिंप, हौद, कूलर, टायर रिकामे करून घासायचे. रात्रीच्या मच्छराला मच्छरदाणी सगळ्यात चांगली, गादीखाली नीट खोचलेली, भोक नसलेली. कॉइल लावायचीच असेल तर दिवेलागणीला दार-खिडकी उघडी ठेवून अर्धा-पाऊण तास लावा, झोपायच्या आधी विझवून बाहेर ठेवा. ओट्यावर, पडवीत लावली तर आणखी बरं. लिक्विडच्या मशीनला भुशाचा धूर नसतो, पण औषध हवेत असतंच, म्हणून तिथेही खिडकी थोडी उघडी हवी.

फटाक्याचं सूत्र फवारणीचंच. आपण पंप पाठीवर घेतला की आधी वारा बघतो. फटाकाही वारा पाठीशी घेऊन पेटवा, म्हणजे धूर पुढे जाईल. बिबट्यासाठी उसाच्या कडेला वाजवतानाही तेच, आणि घरातल्या दमेकऱ्याला ते काम देऊ नका. तोंडाला बांधलेला रुमाल हा बारीक कण अडवत नाही. एन-९५ मास्क नीट बसला तर कण अडवतो, पण गंधकाचा वायू तोही अडवत नाही. ज्यांना पंप चालू आहे त्यांनी दिवाळीत तो बंद करू नये, बरं वाटतंय म्हणून तर नाहीच. आणि पोरांनी सापाची गोळी मागितली, तर त्याऐवजी भुईनळा आणा. मोठ्या माणसाने लावायचा, पोरांनी लांबून बघायचा.